छत्तीस टक्के, पण कशाचे?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. माझं वय ५७. ब्लड प्रेशरची गोळी सात वर्षं चालू आहे, हार्ट अटॅक वगैरे कधी आलेला नाही. यंदा कोलेस्टेरॉलमधला एलडीएल १५८ आला म्हणून डॉक्टरांनी अॅटोर्वास्टॅटिन १० सुचवली. पुढच्या दहा वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोकची शक्यता सुमारे १२ टक्के, असं त्यांनी कॉम्प्युटरवर काढून दाखवलं आणि गोळीचं माहितीपत्रक दिलं. त्यात ठळक अक्षरांत आहे, ‘हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी’. मुलाने नेटवर हा आकडा ज्या औषध-चाचणीतून आला ती शोधून काढली आणि म्हणाला, “बाबा, शंभरात एकालाच उपयोग होतो. बाकीचे नव्व्याण्णव उगाच गोळ्या खातात.” पत्रकात खाली बारीक अक्षरांत ‘क्वचित काही रुग्णांत मधुमेह’ असंही आहे. ३६ खरे की १? यातलं कोणीतरी मला बनवतंय.

उत्तर

बनवत कोणीच नाही. दोन्ही आकडे एकाच चाचणीतले, एकाच तक्त्यातले आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन्हींत नाही. ते तिसऱ्या आकड्यात आहे, आणि तो तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला आधीच सांगितलाय. त्याच्याकडे शेवटी येते. आधी ही चाचणी उघडून बघू.

तिचं नाव ‘अॅस्कॉट’. ब्रिटन, आयर्लंड आणि स्कँडिनेव्हियातल्या देशांत झाली. कोलेस्टेरॉलवाल्या भागाचा निकाल २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात १०,३०५ माणसं होती. सगळ्यांना ब्लड प्रेशर, शिवाय हृदयरोगाकडे नेणाऱ्या आणखी निदान तीन गोष्टी प्रत्येकाच्या खात्यावर, पण कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. ५,१६८ जणांना अॅटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम, ५,१३७ जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. साधारण तीन वर्षं चार महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. तेवढ्या काळात प्लासिबोच्या गटात १५४ जणांना हार्ट अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. गोळीच्या गटात १०० जणांना.

आता एक कागद घ्या आणि माझ्याबरोबर भागाकार करा. १५४ भागिले ५,१३७ म्हणजे शेकडा ३.००. १०० भागिले ५,१६८ म्हणजे शेकडा सुमारे १.९४. सगळी गंमत या दोन आकड्यांत आहे. पुढे जे काही छापलं जातं, ते यांच्यातूनच निघतं.

३.०० मधून १.९४ वजा केले की १.०६ उरतात. म्हणजे गोळीमुळे दर शंभर माणसांमागे एकापेक्षा किंचित जास्त अटॅक टळला. याला ‘अॅब्सोल्यूट रिस्क रिडक्शन’ म्हणतात, आपण ‘निरपेक्ष घट’ म्हणू. तुमच्या मुलाच्या हाती लागला तो हा.

हेच १.०६ मूळच्या ३.०० शी ताडून पाहिले, म्हणजे ‘तीनातले किती गेले’ असं विचारलं, की उत्तर येतं सुमारे ३५ टक्के. ही ‘रिलेटिव्ह रिस्क रिडक्शन’, सापेक्ष घट. पत्रकातले ३६ ते हेच. (हातच्या भागाकाराने ३५ आणि काही अंश येतात आणि छापलेत ३६, कारण त्यांनी कोणाला अटॅक आला एवढंच नाही, तर केव्हा आला तेही हिशेबात धरलंय. त्यात काही लबाडी नाही.)

तर छत्तीस टक्के, पण तीनाचे. शंभराचे नव्हेत. मराठीत ‘टक्के’ या एकाच शब्दावर आपण दोन कामं टाकतो आणि मग घोळ होतो. धोका तीन टक्के होता, तो छत्तीस टक्क्यांनी कमी झाला, असं वाक्य ऐकताना कान दोन्ही टक्के एकाच तागडीत टाकतात. मला भेटणाऱ्या दहातले आठ जण पत्रकातलं वाक्य ‘शंभर जणांनी गोळी घेतली तर छत्तीस जण वाचतात’ असं वाचतात. तुम्हीही बहुधा तसंच वाचलं असणार, म्हणून मुलाचं बोलणं ऐकून फसल्यासारखं वाटलं.

मी बरीच वर्षं औषधांच्या चाचण्यांचे निकाल मांडायचं काम केलंय, म्हणून हे घरचं सांगते. सारांशाचा मसुदा माझ्याकडून जायचा तेव्हा पहिल्या वाक्यात दोन्ही गटांचे दर असायचे. परत यायचा तेव्हा पहिल्या वाक्यात सापेक्ष घट असायची आणि दर तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात गेलेले असायचे. कोणी आकडा बदलत नसे. आकड्यांच्या जागा बदलत. याच गोळीची अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतली जाहिरात पुढे या विषयातलं ठरलेलं उदाहरण होऊन बसली: मोठ्या अक्षरांत ३६ टक्के, बाजूला एक तारा, आणि त्या ताऱ्याच्या तळटीपेत ‘प्लासिबो घेणाऱ्यांत ३ टक्क्यांना अटॅक आला, गोळी घेणाऱ्यांत २ टक्क्यांना’. सगळं छापलं होतं. वाचायला भिंग लागलं असतं एवढंच.

आता मुलाच्या वाक्याकडे. त्याने जे काढलं त्याला ‘नंबर नीडेड टू ट्रीट’ म्हणतात, थोडक्यात एनएनटी. एक अटॅक टळावा म्हणून किती जणांना गोळी द्यावी लागते, हा तो आकडा. काढायचा कसा, तर शंभराला निरपेक्ष घटीने भागायचं. १०० भागिले १.०६, म्हणजे सुमारे ९४. लॉपॅसिस, सॅकेट आणि रॉबर्ट्स या तिघांनी १९८८ साली हे माप मांडलं, ते डॉक्टरांना टक्क्यांपेक्षा माणसांत विचार करता यावा म्हणून. माप चांगलं आहे, मला आवडतं. पण ‘बाकीचे उगाच गोळ्या खातात’ हे त्यातून निघत नाही, आणि ते का निघत नाही हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

गणिताची चौकटीची वही असेल तर तिच्यात हजार चौकटी आखा, एक चौकट म्हणजे एक माणूस. कोणीच गोळी घेतली नाही असं धरून ३० चौकटी पेन्सिलीने काळ्या करा. हे सव्वातीन वर्षांतले अटॅक. आता सगळ्या हजारांना गोळी दिली असं धरा आणि काळ्यांपैकी ११ खोडून टाका. राहिल्या १९. वही दूर धरून बघितली तर ९७० चौकटी आधीही कोऱ्या होत्या आणि नंतरही कोऱ्याच. त्या लोकांना त्या काळात काही होणारच नव्हतं. १९ जणांना गोळी घेऊनही अटॅक आला. खोडलेल्या ११ जणांचं टळलं.

पण वहीत खोडरबर कुठे फिरवायचं ते तुम्ही ठरवलंत. खऱ्या आयुष्यात त्या अकरा चौकटींवर नाव नसतं, ना आधी ना नंतर. ज्याचा अटॅक टळला त्यालाही ते कळत नाही. तो आपला ‘गोळीने मला काय फरक पडला’ म्हणत हिंडत असतो. म्हणून ‘त्र्याण्णव जण उगाच’ म्हणण्यापेक्षा ‘चौऱ्याण्णव जणांनी मिळून एक अटॅक टाळला’ हे वर्णन जास्त खरं आहे. तेही पूर्ण खरं नाही, कारण चाचणी सव्वातीन वर्षांवर थांबली. अकरांपैकी काहींचा अटॅक कायमचा टळला असेल, काहींचा नुसता लांबला असेल. वहीत दोन्ही चौकटी सारख्याच कोऱ्या दिसतात.

दुसरी गोष्ट मुलाला आवर्जून सांगा. एनएनटी हा गोळीचा गुण नाही. ९४ हा आकडा गोळीच्या पाकिटावर छापण्यासारखा नसतो, कारण त्याला तीन शेपट्या असतात: कोणत्या माणसांत, किती वर्षांत, आणि नेमकं काय टळलं. त्या तुटल्या की आकड्याला अर्थ उरत नाही. म्हणून सारांशात एनएनटी दिसला आणि शेजारी वर्षं दिसली नाहीत, तर तो आकडा वाचून सोडून द्यावा.

याच, म्हणजे स्टॅटिनच्या घराण्यातल्या सिम्व्हास्टॅटिनची एक चाचणी त्याआधी, १९९४ साली आली होती, ‘फोर एस’ नावाची. तीही स्कँडिनेव्हियातली. तिच्यात ४,४४४ जण होते, पण ही सगळी माणसं आधीच अटॅक येऊन गेलेली किंवा छातीत दुखणारी, म्हणजे अॅन्जायनाची. साडेपाच वर्षांच्या आसपास त्यांना पाहिलं. प्लासिबोच्या २,२२३ जणांत २५६ मृत्यू झाले, गोळीच्या २,२२१ जणांत १८२. शेकडा ११.५ विरुद्ध ८.२. सापेक्ष घट ३० टक्के निघाली, म्हणजे पत्रकावर छापली तर तुमच्या ३६ पेक्षा फिकी. पण निरपेक्ष घट ३.३ आणि एनएनटी सुमारे ३०. शिवाय इथे टळला तो अटॅक नव्हे, मृत्यू. अॅस्कॉटमध्ये एकूण मृत्यू मोजले तर १८५ आणि २१२ असे होते, पण तो फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता, इतका लहान होता.

लहान टक्केवारीच्या औषधाने जास्त माणसं का वाचवली? औषध जास्त जोरदार होतं म्हणून नव्हे. त्या माणसांचा मूळ धोकाच मोठा होता. साधारण तिसरा हिस्सा कापायची ताकद दोन्हीकडे सारखीच. तीनाचा तिसरा हिस्सा एक, साडेअकराचा जवळपास चार.

आता तुमच्या प्रश्नाला हात घालता येईल. सापेक्ष घट ही बऱ्याच औषधांत माणसागणिक फारशी बदलत नाही. कमी धोक्याच्या आणि जास्त धोक्याच्या लोकांत ती आसपासच राहते. स्टॅटिनच्या बाबतीत तर हे पुष्कळ चाचण्यांत तपासून झालंय. निरपेक्ष घट मात्र माणसागणिक बदलते. त्यामुळे जाहिरातीत बदनाम झालेली सापेक्ष घट टाकाऊ नाही, ती गुणाकारातला अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा भाग म्हणजे तुमचा स्वतःचा मूळ धोका. डॉक्टरांनी सांगितलेले १२ टक्के ते हेच, वर म्हटलेला तिसरा आकडा. मुलाने मांडलेला ‘शंभरात एक’ हा ज्यांचा धोका सव्वातीन वर्षांत तीन टक्के होता त्यांचा आहे. तुमचा नव्हे.

पण गुणाकारासाठी मी ३६ घेणार नाही. एक तर तो एकट्या चाचणीचा आकडा आहे. आणि ती चाचणी पाच वर्षं चालवायची होती, फायदा स्पष्ट दिसला म्हणून आधी थांबवली. अशा लवकर थांबवलेल्या चाचण्यांत फायदा खऱ्यापेक्षा थोडा फुगून दिसतो, कारण थांबवलं जातं ते आलेख चांगल्या जागी असतानाच. ९४ या आकड्यातला योगायोगाचा वाटा मी हाताने काढून पाहिला, तर खरा एनएनटी साधारण ६० पासून २१५ पर्यंत कुठेही असू शकतो. इतका पसारा असताना एका आकड्याला चिकटून बसू नये.

त्यापेक्षा सगळ्या मोठ्या स्टॅटिन-चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब घेते. ऑक्सफर्ड आणि सिडनीच्या संशोधकांचा एक गट हे काम वर्षानुवर्षं करतोय. २०१० साली त्यांनी मांडलेलं उत्तर असं, की एलडीएल १ मिलिमोल, म्हणजे तुमच्या रिपोर्टातल्या एककात सुमारे ३९ नी उतरला, की हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे मोठे प्रसंग सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. बारातले २२ टक्के म्हणजे २.६. म्हणजे तुमच्यासारख्या शंभर जणांत गोळीशिवाय दहा वर्षांत बारा जणांना अटॅक किंवा स्ट्रोक येईल. गोळी घेतली तर नऊ ते दहा जणांना. १०० भागिले २.६, एनएनटी ३८, दहा वर्षांसाठी. १५८ चा एलडीएल ३९ पेक्षा जास्त उतरला, आणि दहाच्या गोळीने तो बऱ्याच जणांत उतरतो, तर फायदा आणखी वाढेल. गोळी महिन्याभरात सुटली, तर यातलं काहीच लागू नाही.

या गुणाकारातही एक सांधा कच्चा आहे. चाचण्या बहुतेक चार-पाच वर्षांच्या आहेत आणि आपण तो गुणक दहा वर्षांच्या धोक्याला लावतोय. शिवाय डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमधले १२ आणि चाचण्यांमधले ‘मोठे प्रसंग’ यांच्या व्याख्या तंतोतंत जुळत नाहीत. चाचण्यांत अँजिओप्लास्टी आणि बायपासही मोजतात. म्हणून ३८ हा आकडा ‘तीस ते पन्नासच्या घरात’ असा वाचा. ९४ पेक्षा तो तुमच्या जवळचा आहे, एवढं मात्र खात्रीने सांगते.

राहिला मधुमेह. तुमच्या पत्रकात फायदा सापेक्ष टक्क्यांत आहे आणि तोटा ‘क्वचित काही रुग्णांत’ अशा शब्दांत. एकाच कागदावर दोन वेगळ्या फूटपट्ट्या. हे सगळीकडे चालतं, आणि सारांश वाचताना माझी नजर सगळ्यात आधी इथे जाते: फायदा आणि तोटा एकाच मापात दिलाय का? नसेल तर आपण करून घ्यायचा. स्टॅटिनच्या १३ चाचण्या आणि ९१ हजारांवर माणसं एकत्र करून २०१० साली हेही मोजलं गेलंय. सापेक्ष भाषेत बोलायचं तर मधुमेहाचा धोका ९ टक्क्यांनी वाढतो. वाचून छातीत धस्स होतं ना? निरपेक्ष भाषेत, २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर मधुमेहाचा एक रुग्ण जास्त. फायद्याच्या बाजूला ‘३६ टक्के’ वाचून जेवढं हुरळून जायला नको, तेवढंच इथे ‘९ टक्के’ वाचून घाबरायला नको, पण ‘क्वचित’ म्हणून सोडूनही द्यायला नको.

२५५ च्या शेजारी ३८ ठेवायचे तर वर्षं जुळवावी लागतात. एक चारांचा आणि दुसरा दहांचा. अगदी ढोबळ, म्हणजे धोका दर वर्षी सारखाच साठतो असं धरून, २५५ चे दहा वर्षांसाठी १०० च्या आसपास होतात. म्हणजे तुमच्यासारख्या शंभर जणांत दहा वर्षांत दोन-तीन अटॅक किंवा स्ट्रोक कमी, आणि मधुमेहाचा एखादा रुग्ण जास्त. या तागडीची दोन पारडी सारखी वजनाची नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. पण किती वेगळी, ते ज्याचं त्याने ठरवायचं. रोज एक गोळी वाढली याचं कोणाला काहीच वाटत नाही, तर कोणाला त्यानेच आपण आजारी झाल्यासारखं वाटतं. ते तुमचं तुम्हाला माहीत. मी गोळी घ्या किंवा घेऊ नका असं म्हणणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा.

एक गोष्ट मात्र मला पत्रात सापडली नाही, ती साखर. मधुमेहाचा तो जास्तीचा एक रुग्ण सगळ्यांत सारखा वाटला गेलेला नसतो. तो मुख्यतः अशांत सापडतो ज्यांची साखर आधीच काठावर आलेली असते, म्हणजे ज्यांचा मूळ धोकाच जास्त. तीनाचं आणि साडेअकराचं जे गणित फायद्याला लागू होतं, तेच तोट्यालाही. तुमचा एचबीए१सी, म्हणजे साखरेच्या तपासणीतला आकडा, ५.४ असेल तर वरचे शंभरात एक तुमच्यासाठी आणखी कमी होतील, ६.२ असेल तर वाढतील. तपासणी वर्षभरात झालेली नसेल तर आधी ती करून घ्या, आणि रिपोर्ट हातात असतानाच डॉक्टरांना विचारा, की १२ टक्के काढताना त्यांनी हा आकडा धरला होता का.